चौथं पुस्तक घेऊ का? राज्यसेवेच्या एका विद्यार्थ्याची उजळणीची गोष्ट

प्रश्न: सर, राज्यसेवा पूर्वला साडेतीन महिने राहिलेत. राज्यव्यवस्थेची तीन पुस्तकं वाचून झाली, तरी टेस्टला मार्क तेवढेच येतात. रिव्हिजनला बसलं की वाटतं हे तर येतंच, आणि मग नवीन काहीतरी सुटतंय याची भीती वाटते. चौथं पुस्तक घेऊ की आहे तेच परत वाचू?

उत्तर:

चौथं पुस्तक घेऊ नका. आणि आहे तेच परत वाचूही नका. करायचं काम तिसरंच आहे. ते नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एका मुलाची गोष्ट सांगतो. मी पुण्यात बरीच वर्षं स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यव्यवस्था शिकवतो. त्यातला हा एक. त्याचं नाव इथे नको, आणि ओळख पटेल असे बारकावे थोडे बदलले आहेत.

मुलगा बीड जिल्ह्यातला, कृषी पदवीधर. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत सकाळी सातला बसायचा आणि मेसची वेळ सोडली तर रात्री दहाला उठायचा. मेहनतीत कुठेही कमी नाही. दोनदा पूर्व थोडक्यात हुकली होती. त्याच्या रॅकवर एकट्या पंचायत राजसाठी चार सोर्स होते: दोन जाड पुस्तकं, एका क्लासच्या छापील नोट्स आणि टेलिग्रामवरून घेऊन झेरॉक्स काढलेली एक पीडीएफ. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचाही प्रश्न तुमच्यासारखाच होता. "सर, अजून कुठला सोर्स लावू? माझं काहीतरी राहतंय."

काय राहतंय ते अंदाजाने ठरवू नये. मी त्याला शेवटच्या टेस्टचा पेपर, त्याची उत्तरं आणि आन्सर की घेऊन बोलावलं. शंभर प्रश्नांपैकी त्याने ८८ सोडवले होते, ५१ बरोबर, ३७ चूक. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, आणि चुकीच्या उत्तराला पाव भाग म्हणजे अर्धा गुण वजा. म्हणजे १०२ मधून साडेअठरा गेले आणि हातात साडेत्र्याऐंशी राहिले. आम्ही त्या ३७ चुकाच एकेक करून पाहिल्या. प्रत्येक चुकीपुढे तो चारपैकी एक गोष्ट लिहीत गेला: हे कधी वाचलंच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, दोन गोष्टींत गोंधळ झाला, प्रश्न नीट वाचला नाही. 'वाचलं होतं' असं लिहिलं की पुस्तकातलं पान काढून दाखवायचं, अशी अट घातली.

तासाभराने बेरीज केली. प्रश्न नीट न वाचल्यामुळे पाच गेले होते, बहुतेक ठिकाणी 'अयोग्य' किंवा 'चुकीचे' हा शब्द नजरेतून सुटला होता. अकरा आठवले नव्हते. पंधरांत गोंधळ होता. आणि ज्याच्या भीतीने तो नवा सोर्स शोधत होता, त्या 'वाचलंच नव्हतं' या रकान्यात सहा प्रश्न होते. चौथं, पाचवं, सहावं, कितीही पुस्तकं आणली असती तरी जास्तीत जास्त हे सहा सुधारले असते. २६ प्रश्नांची उत्तरं त्याच्याच रॅकवर, त्यानेच हायलाइट केलेल्या पानांवर होती.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण सर, मी हे चारदा वाचलंय."

चारदा वाचून चुकतं कसं, ते त्याच पेपरातल्या एका प्रश्नावरून दिसतं. प्रश्न विधानांचा होता. पहिलं विधान: बलवंतराय मेहता समितीने जिल्हा परिषद ही कार्यकारी संस्था असावी अशी शिफारस केली. दुसरं: अशोक मेहता समितीने द्विस्तरीय रचना सुचवली. त्याने दोन्ही बरोबर धरली. दुसरं बरोबरच आहे. पहिलं चूक आहे. बलवंतराय मेहता समितीने कार्यकारी अधिकार पंचायत समितीला द्यायला सांगितले होते, जिल्हा परिषदेकडे सल्ला आणि समन्वय ठेवला होता. जिल्हा परिषद बळकट करायची दिशा महाराष्ट्राने घेतली ती वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून. म्हणजे त्याच्या डोक्यात 'मेहता', 'जिल्हा परिषद', 'कार्यकारी', 'त्रिस्तरीय' हे सगळे शब्द होते. कोणता कोणाला जोडलाय, तेवढंच नव्हतं.

लोक म्हणतात की पूर्व परीक्षेत पर्याय दिलेले असतात, तेव्हा नुसतं ओळखता आलं तरी भागतं. आयोगाचे पेपर पाहिलेत तर हे टिकत नाही. चुकीचे पर्याय बाहेरून आणलेले नसतात. ते त्याच धड्यातले, त्याच पानावरचे असतात. तुम्ही धडा वाचलेला असेल तर चारही पर्याय सारखेच ओळखीचे वाटतात, आणि चारही ओळखीचे असले की ओळखीचा उपयोग शून्य. जत्रेत भेटलेल्या माणसाचा चेहरा पाहिल्यासारखा वाटतो, पण तो कुठल्या पाहुण्यांकडचा ते सांगता येत नाही, तशी ही अवस्था. पाचव्यांदा वाचलं तर चेहरा आणखी ओळखीचा होतो, नातं तेवढंच धूसर राहतं. चार वेगवेगळ्या पुस्तकांतून वाचलं तर आणखी वाईट, कारण प्रत्येक लेखकाने समित्यांचा क्रम आणि शब्द वेगळे ठेवलेले असतात आणि पानाची जी थोडीफार प्रतिमा डोळ्यांसमोर राहायची तीही पुसली जाते.

त्याला मी एक कोरा कागद दिला. पुस्तक बंद. 'पंचायत राजविषयक समित्या, जेवढं आठवेल तेवढं, वीस मिनिटं.' पहिल्या तीन मिनिटांत त्याने लिहिलं: बलवंतराय मेहता, १९५७, त्रिस्तरीय. अशोक मेहता, १९७७, द्विस्तरीय. वसंतराव नाईक, १९६०, महाराष्ट्र. मग ७३वी घटनादुरुस्ती. मग पेन थांबलं. बोंगिरवार हे नाव आठवलं, वर्ष आठवलं नाही. पी. बी. पाटील समितीचं नावही आलं नाही. वीस मिनिटं संपली तेव्हा कागदावर सहा ओळी होत्या, आणि या विषयावरची त्याची पुस्तकातली पानं वरपासून खालपर्यंत पिवळी होती.

"पुस्तक उघडलं की सगळं येतं, सर," तो म्हणाला. त्याची अडचण या एका वाक्यात आहे, आणि तुम्ही जे 'हे तर येतंच असं वाटतं' लिहिलंय तेही हेच आहे. ते पुस्तकाला येतं. पान समोर असताना डोळे सहज पुढे सरकतात आणि त्या सहजपणाला आपण 'पाठ आहे' समजतो.

हा फसवा सहजपणा प्रयोगातही दिसलेला आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं उतारा समोर न ठेवता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता, त्यांना सुमारे ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांचं ४० वर आलं, लिहिणाऱ्यांचं ६१ वर टिकलं. आपल्याला पुढे किती आठवेल असं विचारलं तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्या गटालाच वाटत होती. रात्री दहाला अभ्यासिकेतून उठताना 'आज खूप झालं' असं जे वाटतं, ते पाच मिनिटांनंतरच्या चाचणीसारखं आहे. परीक्षा तीन महिन्यांनी असते.

तर त्या मुलाने पुढे काय केलं ते सांगतो, कारण 'रिव्हिजन करा' हे सगळेच सांगतात आणि करताना मुलं परत वाचतच बसतात.

आधी प्रत्येक विषयाचं एकच पुस्तक ठेवलं. कुठलं ठेवायचं यावर त्याचे दोन दिवस गेले असते, म्हणून मी सांगितलं की ज्याच्यावर तुझ्या हाताच्या जास्त खुणा आहेत ते. बाकीची रॅकवरून काढून एका खोक्यात भरली आणि रूमवर पलंगाखाली सरकवली. अभ्यासिकेत ती डोळ्यांसमोर राहिली असती तर त्याने ती उघडलीच असती.

मग रोजचं काम ठरलं. एक धडा घ्यायचा. पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने आठवेल ते लिहायचं, पंधरा-वीस मिनिटं. सुरेख अक्षर नको, पूर्ण वाक्यं नकोत. आठवत नसेल तर लगेच पुस्तक उघडायचं नाही, दोन-तीन मिनिटं डोकं खाजवायचं. तीच मिनिटं कामाची असतात, पण ती नकोशी वाटतात आणि हात पुस्तकाकडे जातो. वेळ संपली की पुस्तक उघडायचं आणि लाल पेनाने फक्त राहिलेलं आणि चुकलेलं भरायचं. निळ्यात जे बरोबर आलंय ते पुन्हा वाचायचं नाही. हे शेवटचं त्याला सर्वांत जड गेलं. आलेलं वाचताना बरं वाटतं, म्हणून आपण तिथेच वेळ घालवतो.

लाल झालेलं सगळं एका दोनशेपानी वहीत जायचं, पण उत्तर म्हणून नाही, प्रश्न म्हणून. पान उभं दुमडायचं, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. सुरुवातीला त्याने जे प्रश्न केले ते निरुपयोगी होते: 'बलवंतराय मेहता समितीची माहिती लिहा.' यात काय आठवायचं तेच ठरत नाही, म्हणून माणूस थोडं आठवून 'झालं' म्हणतो. मी त्याला ते बदलायला लावलं. गोंधळ जिथे झालाय तिथेच प्रश्न लावायचा. 'कार्यकारी अधिकार कोणत्या स्तराला: बलवंतराय मेहता, वसंतराव नाईक, अशोक मेहता, तिघांचं वेगवेगळं सांग. आणि का?'

त्या 'का' ने बरंच काम केलं. बलवंतराय मेहता समिती १९५७ मध्ये नेमली ती १९५२ चा समुदाय विकास कार्यक्रम आणि १९५३ ची राष्ट्रीय विस्तार सेवा यांचं काम तपासायला. त्या योजना गट पातळीवर राबत होत्या, म्हणून समितीचा भर गटावरच्या पंचायत समितीवर पडला. नाईक समितीने महाराष्ट्रासाठी विचार केला तो जिल्हा हा घटक धरून, त्यातून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. अशोक मेहता समितीने तर तालुक्याचा स्तरच काढला, जिल्हा परिषद आणि तिच्याखाली मंडल पंचायत एवढंच ठेवलं. हे एकदा असं लावून घेतलं की 'मेहता' या दोन नावांत घोटाळा होत नाही, कारण एकाच्या मागे गट उभा राहतो आणि दुसऱ्याच्या मागे जिल्हा. हे सगळं त्याच्या पुस्तकात होतंच. पण वाचताना 'का' कोणी विचारत नाही, वहीतला प्रश्न विचारतो.

वहीतल्या प्रश्नांची उजळणी कधी करायची याचा फार मोठा हिशोब लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, मग तीन-चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्याने. उजवी बाजू दुमडून ठेवायची, डावीकडचा प्रश्न वाचायचा, उत्तर तोंडाने किंवा रफ कागदावर द्यायचं, मग उघडून पाहायचं. बरोबर आलं तर पुढच्या अंतरावर ढकलायचं, चुकलं तर पुन्हा उद्याच्या सकाळी. तो प्रश्नापुढे पेन्सिलीने तारीख टाकायचा. काही प्रश्नांपुढे दोन तारखा आणि काहींपुढे आठ, असं दिसायला लागलं की आपला कच्चा भाग कुठला ते वेगळं शोधावं लागत नाही. त्याच्या वहीत अशा जास्त तारखा घटनादुरुस्त्यांपुढे आणि राज्यपालांच्या अधिकारांपुढे होत्या. कलम ७२ आणि १६१, कलम १२३ आणि २१३, या जोड्या त्याला दीड महिना छळत होत्या. राष्ट्रपतींचं कलम कुठलं आणि राज्यपालांचं कुठलं हे नुसतं वाचून सुटलं नव्हतं. रोज सकाळी चुकून चुकून सुटलं.

वेळेचा हिशोबही सांगतो, कारण 'अशाने सिलॅबस कधी संपणार' हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. ज्या धड्याच्या वाचनाला त्याला तीन तास लागायचे, त्याच्या पहिल्या कोऱ्या कागदाला लाल पेनासकट पाऊण तास लागला. दुसऱ्या वेळी वीस-पंचवीस मिनिटं. तिसऱ्या वेळी दहाच्या आसपास, कारण आता फक्त वहीतले पाच-सात प्रश्न उरले होते. परत वाचत बसलं तर तिसऱ्या वाचनालाही दोन-अडीच तास जातातच, कारण सगळंच वाचावं लागतं. फक्त भोकं बुजवत गेलं तर उजळणी दर वेळी आखूड होते, आणि म्हणूनच शेवटच्या आठवड्यात अख्खा विषय हाताखालून जाऊ शकतो.

हे सगळं सरळ रेषेत झालं नाही. पहिला पंधरवडा फार वाईट गेला. रोज कोऱ्या कागदावर आपल्याला किती कमी येतं ते दिसायचं. शेजारचा मुलगा दिवसाला साठ पानं वाचतोय आणि आपण एका धड्याशी झगडतोय, हे बघून त्याची झोप उडाली. त्या काळातली टेस्टही वर गेली नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याने दुसऱ्या एका क्लासची टेस्ट दिली. तिच्यात त्याने कधीच न पाहिलेली माहिती होती, आणि तो दोन दिवस वही बाजूला ठेवून एक नवी पीडीएफ वाचत बसला. मला त्याच्या रूममेटकडून कळलं.

मी त्याला रागावलो नाही. पीडीएफ घेऊन ये म्हटलं. तिच्यातली खरोखर नवी आणि आयोगाच्या पातळीची माहिती किती ते आम्ही मागच्या पाच-सहा वर्षांचे पूर्वचे पेपर शेजारी ठेवून पाहिलं. बरीचशी अशी होती की आयोगाने त्या प्रकारचं कधी विचारलेलंच नव्हतं. कामाच्या म्हणाव्यात अशा जेमतेम एक पानभर गोष्टी निघाल्या. तेव्हापासून नियम केला: नवी माहिती मिळाली तर ती त्या एकाच पुस्तकाच्या समासात एका ओळीत लिहायची आणि वहीत तिचा एक प्रश्न करायचा. एवढं करण्याइतकी ती महत्त्वाची वाटत नसेल तर सोडून द्यायची. नव्या मजकुराला बंदी केली की मुलं चोरून वाचतात. त्याला असा दरवाजा ठेवला की आपोआप निवड होते. चालू घडामोडींचं वेगळं आहे, तिथे नवीन वाचावंच लागतं. त्यासाठी दिवसातला एक ठरावीक तास, आणि रविवारी त्या आठवड्याच्या घडामोडींचा कोरा कागद.

सुमारे दीड महिन्याने टेस्टमध्ये बदल दिसला, आणि तो कुठे दिसला ते लक्षात घ्या. त्याने ७६ प्रश्न सोडवले. बरोबर आले ५४, म्हणजे आधीपेक्षा तीनच जास्त. चुकले फक्त २२. गुण ९७. साडेतेरा गुण वाढले त्यातले सहाच बरोबर उत्तरांचे; बाकीचे न चुकल्यामुळे आणि आपल्याला काय येत नाही हे कळून ते प्रश्न सोडल्यामुळे. ज्याला सगळंच ओळखीचं वाटतं त्याला कुठला प्रश्न सोडावा ते कळत नाही. रोज कोऱ्या कागदाला सामोरा जाणारा माणूस 'हे मला येत नाही' हे स्वच्छ ओळखतो. परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या टेस्टला तो ७८ सोडवून ६१ बरोबरवर होता, गुण एकशे साडेतेरा. त्या वर्षी त्याची पूर्व निघाली.

ही पद्धत जिथे चालत नाही ते भागही सांगायला हवेत. जो धडा मुळात समजलेलाच नाही त्यावर कोरा कागद घेऊन उपयोग नाही. अर्थव्यवस्थेत राजकोषीय तूट आणि महसुली तूट यांतला फरकच कळला नसेल तर आठवण्याचा सराव म्हणजे घोकंपट्टी होईल आणि प्रश्न थोडा फिरवला की कोसळेल. तिथे आधी समजून घ्या, एखाद्याकडून समजावून घ्या, एखादं जास्तीचं प्रकरण वाचायला लागलं तर वाचा. ते नवं वाचन वाया जात नाही. ओळखायची खूण सोपी आहे: पुस्तक बंद करून लहान भावंडाला सांगतोय असं समजून दोन वाक्यांत सांगून बघा. शब्द आठवत नसतील तर आठवणीचा प्रश्न आहे. शब्द आठवतात पण जुळत नाहीत, तर समजण्याचा.

दुसऱ्या पेपरचं, सीसॅटचं, गणित आणि आकलन वहीने सुटत नाही. तो पेपर ३३ टक्क्यांना पात्र ठरवणारा आहे म्हणून मुलं त्याकडे काणाडोळा करतात. तिथे वेळ लावून उतारे आणि गणितं सोडवणं एवढाच मार्ग आहे. भूगोलात कागदाऐवजी महाराष्ट्राचा कोरा नकाशा घ्या आणि नद्या, उपनद्या, डोंगररांगा हाताने काढा. गोदावरीला उजवीकडून मिळणारी कोणती आणि डावीकडून कोणती हे शब्दांत लिहून जेवढं पक्कं होत नाही तेवढं रेघ ओढून होतं. आणि २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यामुळे तिथे तर ओळखायला पर्यायही नाहीत, सगळं आठवूनच लिहायचं आहे. पूर्वसाठी लावलेली कोऱ्या कागदाची सवय तिथे थेट उपयोगी पडते.

आता तुमचं. तुमच्याकडे साडेतीन महिने आहेत, हे पुरेसे आहेत. आज तीन पुस्तकांपैकी दोन बाजूला काढा. उद्या मागच्या दोन टेस्ट घेऊन चुकांची चार रकान्यांत विभागणी करा, आणि 'वाचलं होतं' म्हणताना पान काढून बघायचं विसरू नका. पहिले दोन महिने रोज दोन धडे कोऱ्या कागदावर घ्या, एक राज्यव्यवस्थेचा आणि एक दुसऱ्या विषयाचा, आणि सकाळचा पाऊण तास वहीला द्या. तिसऱ्या महिन्यात आठवड्याला एक पूर्ण पेपर आयोगाच्या वेळेत सोडवा आणि त्याच्या चुका त्याच वहीत घाला. शेवटचे पंधरा दिवस समासातसुद्धा नवीन काही लिहू नका.

पहिल्या दोन आठवड्यांत मार्क वाढणार नाहीत. तेव्हा पुन्हा पुस्तकांच्या दुकानाकडे पाय वळतील. वळण्याआधी तुमच्या चार रकान्यांची बेरीज मला पाठवा. 'वाचलंच नव्हतं' या रकान्यात खरंच एक तृतीयांशाहून जास्त चुका निघाल्या, तर कुठल्या विषयाला दुसरं पुस्तक लागतंय ते आपण बसून ठरवू.